काणे रजेवर आहेत

लग्नाच्या पंगतीत कोणीतरी माझी ओळख 'हे रेडिओत होते' अशी करून देतं आणि मग जिलबी पानातच राहते. समोरचा सत्तरीचा गृहस्थ लगेच विचारतो, "मग 'बादली कंपनी'तले पेंडसे हेडक्लार्क होते की अकौंटंट? आमच्याकडे यावरून भांडण आहे."

अकौंटंट. हेडक्लार्क तात्या. पेंडसे तात्यांना 'अहो तात्या' म्हणत, 'साहेब' कधीच नाही, कारण अकौंटंट स्वतःला हेडक्लार्कच्या हाताखालचा समजत नाही. हे मी घास चावता चावता सांगतो. मग पुढचा प्रश्न हमखास येतो: "आणि तुम्ही? तुम्ही कोण होतात तिथे?" त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा लेख.

ज्यांनी 'बादली कंपनी' ऐकली नाही त्यांच्यासाठी सांगतो. संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीतली ती वर्षं. आमच्या केंद्रावरून दर बुधवारी संध्याकाळी अर्ध्या तासाची विनोदी श्रुतिका लागायची. बादल्या विकणाऱ्या एका कंपनीची कचेरी, एवढाच मामला. त्या कंपनीने सगळ्या भागांत मिळून एकही बादली विकल्याचं मला आठवत नाही. तात्या हेडक्लार्क, पेंडसे अकौंटंट, काणे डिस्पॅच क्लार्क, म्हणजे बाहेर जाणाऱ्या पत्रांना जावक क्रमांक घालून, शिक्का मारून टपालात पाठवणारे, आणि गणू शिपाई. माणसं तीच, टेबलं तीच, भांडणं तीच. लोकांना तेच हवं असतं. दिवसभर स्वतःच्या कचेरीत कंटाळलेला माणूस संध्याकाळी घरी येऊन चहाबरोबर दुसऱ्याची कचेरी ऐकतो, यातलं कोडं मला नोकरीभर सुटलं नाही.

रेडिओवर माणूस दिसत नाही, त्यामुळे हुद्दा हाच त्याचा चेहरा. आमचा दंडकच होता की कोणी आत आला की तिसऱ्या वाक्याच्या आत त्याचं नाव आणि काम ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे. "काय काणे, आजचं टपाल गेलं का?" एवढं पुरे. बाकी आवाजावर भागायचं. तात्या आले की खुर्ची करकरायची. पेंडशांच्या आधी चाव्यांचा जुडगा वाजायचा. काण्यांचा शिक्का ठप्प-ठप्प पडायचा, तोही खरा शिक्का, खऱ्या पॅडवर. गणूची वहाण फटफटायची. तात्या गणूला 'अरे' म्हणायचे, गणू तात्यांना 'साहेब' आणि काण्यांना 'काणेसाहेब'. यातलं एक संबोधन हुकलं की गुरुवारपासून पत्रांचा पाऊस. मुंबईत तेव्हा दर दोन माणसांमागे एक कारकून असावा, असं त्या पत्रांवरून वाटायचं.

ही पत्रं उघडून, त्यांची उत्तरं तयार करून 'पत्रपेटी' या कार्यक्रमात वाचायला देणं हे पत्रव्यवहार कारकुनाचं काम. ती जागा कारखानीसांची. ठाकूरद्वारच्या एका वाडीत राहणारा, पान खाणारा, मोठ्या आवाजाचा माणूस. श्रुतिकेतल्या काण्यांचं कामही साहेबांची परवानगी काढून तेच करायचे. म्हणजे दिवसभर टेबलाशी बसून 'काणे कोणत्या हुद्द्यावर आहेत?' अशा पत्रांना उत्तरं द्यायची आणि बुधवारी स्वतःच काणे व्हायचं.

मी शिपाई. नायगावच्या चाळीतून चालत यायचो, टपालाचं पोतं वर आणायचो आणि कारखानीसांच्या टेबलाशेजारी उभा राहून पत्रं फोडायचो. परळच्या रात्रशाळेतून मॅट्रिक झालो होतो. आमच्या चाळीने नुकतीच दीक्षा घेतलेली, सगळ्यांच्या अंगात नवं बळ आलेलं. वडील गिरणीत. ते एकच सांगायचे, "भिकाजी, टेबलाच्या अलीकडं लय उभं राह्यलो आपण. तू पल्याड बस." टेबलाची पलीकडची बाजू मी रोज फडक्याने पुसत होतो, त्यामुळे ती मला चांगली ठाऊक होती.

आम्ही पत्रं फोडायचो आणि हसायचो. वरळी कोळीवाड्यातल्या एका बाईंनी विचारलं होतं, "पेंडसे मोठे की तात्या? जावई अकौंटंट आहे, त्याला कितपत मान द्यायचा ते ठरवायचंय." लालबागच्या एका मंडळाने विचारलं, "बादली कंपनी मुंबईतच आहे ना? मग ती कोणत्या राज्यात जाणार?" त्या दिवसांत हा प्रश्न रेडिओवर उच्चारणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. कारखानीसांनी उत्तर दिलं, "कंपनी पहिल्या मजल्यावर आहे." ते प्रसारितही झालं. आमचे देसाई साहेब प्रत्येक कागदावर सही करत, पण सही करताना त्यांचं लक्ष खिडकीबाहेर असे.

आणि होते ठाकूरद्वारचे पाध्ये. निवृत्त हेडक्लार्क. दर आठवड्याला एक पोस्टकार्ड, मुंग्यांसारखं अक्षर, कडेलासुद्धा मजकूर. "गेल्या भागात हेडक्लार्कने शिपायाची रजा तोंडी मंजूर केली. अर्ज कुठे आहे?" असला प्रकार. कारखानीस ती कार्डं ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावायचे. "भिकाजी, हा माणूस माझ्याच वाडीच्या पलीकडं राहतो. उत्तर दिलं तर घरी येईल."

सगळे हुद्दे कारखानीसांच्या डोक्यात होते. कुठे लिहून ठेवा म्हटलं की डोक्यावर टिचकी मारत म्हणायचे, "हे रजिस्टर कधी हरवत नाही."

ते रजिस्टर एका मोर्चाच्या दिवशी पोलिसांनी गाडीत घालून नेलं. कारखानीस सत्याग्रहाला गेले होते की पान आणायला गेले आणि गर्दीत सापडले, हे ते पुढे दरवेळी वेगळं सांगायचे. खटला उभा राहिला. नोकरी सरकारी, तेव्हा लगेच निलंबन. निलंबन म्हणजे काढून टाकणं नव्हे. जागा तुमच्याच नावावर राहते, पण कचेरीचा उंबरा चढायचा नाही, काम करायचं नाही, आणि पुढे काय होणार हे कोणी सांगायचं नाही.

डोकं गेलं आणि पत्रं टेबलावर राहिली. देसाई साहेब म्हणाले, "भिकाजी, तुला येतं ना हे? तात्पुरतं बघ. जागा रिकामी झाली तर तुझं नाव पाठवू." त्यातला 'तर' मला त्या वेळी फार लहान वाटला.

पहिलं काम मी केलं ते हुद्देवहीचं. जुन्या सगळ्या भागांच्या प्रती काढल्या आणि पाठकोऱ्या कागदांची वही शिवली. रकाने आखले: नाव, हुद्दा, खुर्ची कुठे, कोणाला साहेब म्हणतो, कोण त्याला अरे म्हणतो, कोणत्या भागात काय बदललं. श्रुतिका लिहिणारे वसंतराव दादरहून येताना ट्राममध्ये लिहायचे. त्यांना मागच्या आठवड्यातलं काही आठवत नसे. पेंडशांना त्यांनी एकदा टायपिस्ट केलं होतं. आता प्रत टाइप होण्याआधी ते माझ्याकडे येऊ लागले. "भिकाजी, तात्यांना पेन्शन लागली का रे?" "नाही साहेब, अजून दोन वर्षं आहेत. गणपतीच्या भागात सांगितलंत तुम्ही." लेखकाने स्वतःच्या पात्राची नोकरी शिपायाला विचारून लिहावी, याची मजा मी भरपूर घेतली.

पण श्रुतिकेत काण्यांचं काय करायचं? तुरुंग म्हणता येत नव्हतं. कारखानीसांचा आवाज दुसऱ्याकडून काढवेना. मग वसंतरावांनी ठरवलं, काणे रजेवर. त्यांची वाक्यं गणूला. त्या बुधवारपासून गणू जावक क्रमांक घालू लागला, शिक्का मारू लागला, आणि दर भागात एकदा तात्या विचारायचे, "काणे कुठेत?" गणू म्हणायचा, "काणे रजेवर आहेत." लोकांना ते वाक्य एवढं आवडलं की दादरच्या दुकानांत उधारीवाला आला की पोरं तेच म्हणू लागली.

असे सात-आठ महिने गेले. कारखानीस जामिनावर घरी आले होते, खटला रेंगाळत होता. मी त्यांच्या खुर्चीत बसत होतो, म्हणजे देसाई साहेब केबिनमध्ये असेपर्यंत. ते बाहेर आले की उठून उभा राहायचो. शिपायाच्या गणवेशात खुर्चीत बसलेला माणूस पाहुण्यांना दिसू नये, अशी त्यांची इच्छा होती.

मग पाध्यांचं कार्ड आलं. ते मला आजही पाठ आहे. "श्री. काणे गेले आठ महिने रजेवर आहेत. ही किरकोळ रजा नाही, कारण ती इतकी मिळत नाही. हक्काची रजाही एवढी साठत नाही. तेव्हा काणे यांची जागा रिकामी झाली आहे काय? झाली असल्यास गणूस त्या जागेवर नेमले आहे काय? नेमले नसल्यास तो कोणत्या अधिकारात शिक्का मारतो? गणूचा हुद्दा नेमका कोणता, याचा खुलासा व्हावा."

ते कार्ड घेऊन मी दोन दिवस फिरलो. विनोदी श्रुतिकेबद्दल होतं, पण त्यातला प्रत्येक शब्द मला लागू होता. आठ महिने मी शिक्का मारत होतो. कोणत्या अधिकारात? आणि गंमत अशी की या कचेरीत माझा हुद्दा लिहिण्याचा अधिकार कोणालाच नसल्यासारखं चाललं होतं, पण गणूचा हुद्दा लिहिण्याचा अधिकार अख्ख्या मुंबई इलाख्यात एकट्या मला होता.

मी लिहिलं. हुद्देवहीत आधी, मग उत्तराच्या कागदावर. "श्री. काणे यांची जागा रिकामी झाली असून त्या जागी श्री. गणू यांची डिस्पॅच क्लार्क म्हणून नेमणूक झाली आहे." 'श्री.' मी जरा ठळकच काढलं. देसाई साहेबांनी खिडकीबाहेर बघत सही केली. 'पत्रपेटी'त ते वाचलं गेलं. चाळीत वडिलांनी सगळ्यांबरोबर ऐकलं आणि म्हणाले, "झाला बिचारा एकदाचा." मीच केला हे मी सांगितलं नाही. मला फार बरं वाटलं, हे मात्र सांगतो.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला कारखानीस वहिनी कचेरीत आल्या. नऊवारी, हातात पिशवी, डोळे रडून सुजलेले. देसाई साहेबांच्या टेबलावर त्यांनी एक किल्ली ठेवली.

"ही ड्रॉवरची. अटक झाली तेव्हा ह्यांच्या खिशात होती. जागा रिकामी झाली म्हणाले, मग ठेवून काय करायची."

देसाई साहेबांना काही कळेना. "कोणी सांगितलं जागा रिकामी झाली?"

"तुम्हीच की. काल रेडिओवर."

मग हळूहळू उलगडलं. आठ महिने कारखानीसांना कचेरीतून एक ओळ कोणी कळवली नव्हती. ते दर बुधवारी शेजाऱ्यांच्या रेडिओसमोर बसायचे, आणि 'काणे रजेवर आहेत' हे वाक्य आलं की उठून घरी जायचे. त्यांच्या लेखी ती श्रुतिका नव्हतीच. साहेबांना उघड लिहिता येत नाही म्हणून आपली जागा शाबूत असल्याचं ते असं आडून कळवतायत, असं त्यांनी धरलं होतं. आयुष्य सरकारी कागदात गेलेला माणूसच असं समजू शकतो.

"काल रात्रीपासून जेवले नाहीत," वहिनी म्हणाल्या. "म्हणतात, वाडीच्या वर्गणीवर आम्ही जगू, पण आता तोंड कुणाला दाखवू. आणि मला सांगा साहेब, तो गणू कोण लागून गेला?"

मी दाराशी उभा होतो. गणवेशात, हातात पाण्याचा पेला घेऊन.

त्या गेल्यावर देसाई साहेबांनी मला आत बोलावलं. "यावर मी कधी सही केली?" हा त्यांचा पहिला प्रश्न. दुसरा, "आता काय करायचं?" मी म्हटलं, चूक झाली असं सांगू. ते म्हणाले, "केंद्र चूक कबूल करत नाही. खुलासा करतं." शिवाय ते कारखानीसांना थेट लिहायला तयार नव्हते, कारण निलंबित माणसाशी पत्रव्यवहार नियमात बसत नव्हता. म्हणजे उरली श्रुतिका.

त्या आठवड्यात मी वसंतरावांना ट्रामच्या थांब्यावर गाठलं. पुढच्या भागात काण्यांची रजा स्पष्ट करायची, म्हटलं. कोणती रजा ते सांगायचं आणि 'जागा राखून' हे दोन शब्द यायलाच हवेत. 'पत्रपेटी'तलं उत्तर नजरचुकीचं ठरवायचं आणि गणू शिपाई आहे, हे गणूच्याच तोंडून वदवायचं.

"अरे, यात विनोद कुठाय?" वसंतराव म्हणाले.

"एका आठवड्यापुरता नसला तर चालेल, साहेब."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या गणूला तूच खाली उतरवतोयस." त्यांनी ट्राममध्ये लिहून टाकलं.

बुधवारी मी रजा टाकली आणि ठाकूरद्वारला गेलो. वाडीत शेजाऱ्यांच्या ओटीवर रेडिओ होता, समोर वीसेक माणसं. कारखानीस भिंतीला टेकून बसले होते. आठ महिन्यांत निम्मे झाले होते. मला बघून म्हणाले, "ये. तू रे काय इकडे? पोतं कोण उचलतंय?" मी त्यांच्या शेजारी बसलो. किल्ली माझ्या खिशात होती. देसाई साहेबांकडून मागून आणली होती.

श्रुतिका सुरू झाली. तात्यांची खुर्ची करकरली. पेंडशांचा जुडगा वाजला. ठप्प, ठप्प. मग तात्या म्हणाले, "गणू, तू डिस्पॅच क्लार्क झालास असं बाहेर बोलतात. कोणी केलं तुला?"

"कोणी न्हाई, साहेब. मीच आपला मनानं झालो."

ओटीवर हशा पिकला. मी हसलो नाही.

"मग काणे?"

"काणेसाहेब बिनपगारी रजेवर हायेत. जागा राखून. मी शिपाई. त्यांचं टेबल पुसतो नि ते येईस्तवर शिक्का मारतो."

कारखानीसांनी माझ्या मांडीवर हात ठेवला तो श्रुतिका संपेपर्यंत काढला नाही. "जागा राखून," ते म्हणाले. "ऐकलंस? हे देसायाचं डोकं नाही. हे कोणीतरी जाणकाराने घातलंय." मी खिशातून किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. साहेबांनी परत पाठवली म्हणालो. मग वहिनींनी त्यांना आणि मला भात वाढला, आणि ते जेवले.

थोड्याच दिवसांत खटला निकाली निघाला. कारखानीस कामावर हजर झाले, काणे बादली कंपनीत परतले, आणि गणूची वहाण पुन्हा फटफटू लागली. मी पोतं उचलायला लागलो. आल्या दिवशी कारखानीसांनी ड्रॉवर उघडला. आत एक बुरशी आलेली पानाची पुडी आणि पाध्यांची सतरा कार्डं. मग त्यांनी माझी हुद्देवही मागितली आणि चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचत बसले. मी पत्रं फोडत होतो, पण एकही वाचत नव्हतो.

गणूच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. तिथे माझ्या अक्षरात 'शिपाई' होतं. ते खोडून 'डिस्पॅच क्लार्क'. तेही खोडून पुन्हा 'शिपाई'. तारखा बाजूला मीच घातलेल्या, कारण नोंद म्हटली की तारीख हवी, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

त्यांनी तारखांवरून एकदा बोट फिरवलं. मग टाक उचलला. "खाडाखोड केली की शेजारी सही लागते, भिकाजी. नाहीतर नोंद ग्राह्य नाही." दोन्ही खाडाखोडींशेजारी त्यांनी आपली बारकी सही केली. एवढंच. त्याहून जास्त ते मला त्याबद्दल कधी बोलले नाहीत, आणि माझं माफी मागायचं राहून गेलं ते राहिलंच. ते आता नाहीत.

त्याच दिवशीच्या टपालात पाध्यांचं नवं कार्ड होतं. "खुलासा समाधानकारक. मात्र गेले आठ महिने उत्तरे देणाऱ्याचा हुद्दा कळवलेला नाही. तो कळावा."

मला वाटलं, हेही ड्रॉवरमध्ये जाणार. पण कारखानीसांनी एक कोरं कार्ड ओढलं, लिहिलं आणि शाई वाळेपर्यंत माझ्यासमोर धरलं. "आपल्या पत्रांस उत्तरे देणारे श्री. भिकाजी रामजी जाधव, पत्रव्यवहार कारकून." खाली सही, वर जावक क्रमांक, आणि ठप्प, खरा शिक्का.

कारकुनाची जागा मला मिळाली ती पुढे सहा वर्षांनी, परीक्षा देऊन. वडील तेव्हा नव्हते. माझ्या सेवापुस्तकात त्या आठ महिन्यांसमोर 'शिपाई' असंच आहे. मी कारकून असल्याचा त्या काळातला एकच सरकारी कागद निघाला, आणि तो ठाकूरद्वारच्या पाध्यांकडे गेला. माझ्याकडे त्याची नक्कलही नाही.

नक्कल करून घेता आली असती. पण कारखानीसांनी कार्ड माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "टपालात टाकून ये." आणि मी जिना उतरून ते पेटीत टाकून आलो, कारण टपाल टाकणं हे शिपायाचं काम.